जखम आधी लिहा, नाव नंतर द्या: एफएमटीच्या परीक्षेची तयारी

इंटर्नशिपमध्ये मी लिहिलेल्या सुरुवातीच्या एमएलसींपैकी एकीत डोक्यावरच्या जखमेला 'इन्साइज्ड वूंड' असं ठोकून दिलं होतं. कडा सरळ दिसत होत्या, रक्त भरपूर होतं, आणि मला घाई होती. हकिगतीत मात्र काठीचा मार लिहिला होता, तोही माझ्याच अक्षरात, चार ओळी वर. सरांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "लेन्स लावली होतीस का?" नव्हती लावली. मग लावली. कडेला बारीक खरचटलेली पट्टी होती, केसांची मुळं ठेचलेली होती आणि जखमेच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत तंतूंचे पूल तसेच टिकून होते. जखम फाटलेली होती, कापलेली नव्हती.

आता प्रॅक्टिकल घेताना तीच चूक पलीकडच्या खुर्चीतून बघतो. विद्यार्थी आधी जखमेचं नाव ठरवतो आणि मग त्या नावाला शोभेल असं वर्णन पाठ केलेल्या तक्त्यातून उतरवतो. पोस्टमॉर्टेम चेंजेसमध्येही तेच होतं, सर्टिफिकेटमध्येही तेच. म्हणून तिन्ही भागांची तयारी मी एकाच सवयीवर बसवतो: वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे 'दिसलं ते', उजवीकडे 'त्यावरून वाटतं ते'. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही.

पहिली पायरी: नाव न घेता जखम लिहा

सरावाला मृतदेह लागत नाही. एक मित्र, एक स्केच पेन आणि सेंटिमीटरची पट्टी पुरते. मित्राच्या हातावर वेड्यावाकड्या आकाराची 'जखम' काढा, मोजा, लिहा आणि ते वर्णन तिसऱ्या मित्राला द्या. त्याने फक्त वाचून शरीराच्या कोऱ्या आकृतीवर ती काढायची. त्याच्या आकृतीत जखम भलतीकडे गेली, तर वर्णनात काहीतरी राहिलं आहे. बहुतेक वेळा राहते ती जागा. "उजव्या हातावर जखम" एवढं वाचून तो मनगटापासून दंडापर्यंत कुठेही काढेल. "उजव्या फोअरआर्मच्या मागच्या-आतल्या कडेवर, कोपराच्या टोकाखाली 9 सेंटिमीटरवर" असं लिहिलंत की त्याला चुकायला जागाच राहत नाही.

मोजमाप हाडाच्या पक्क्या खुणेपासून घ्या: कोपराचं टोक, मनगटाचं हाड, गुडघ्याची वाटी, छातीच्या हाडाची वरची खाच, शरीराची मध्यरेषा. बेंबी आणि स्तनाग्र अंगाच्या ठेवणीप्रमाणे सरकतात, म्हणून त्यांच्या जोडीला एखादी हाडाची खूण द्यावी. गाडीची धडक असेल तर पायावरच्या जखमेची टाचेपासूनची उंचीही लिहायची, कारण पुढे ती गाडीच्या बंपरच्या उंचीशी ताडून बघतात.

वर्णनाचा क्रम एकदा ठरवून घ्या आणि बदलू नका. मी आकार, माप, जागा, दिशा, कडा, टोकं, तळ, आजूबाजूची त्वचा, आत अडकलेली वस्तू आणि शेवटी रंग किंवा खपली असा जातो. माप लांबी, रुंदी, खोली याच क्रमाने. जिवंत माणसाच्या जखमेत खोली मोजायला प्रोब घालायचा नाही. रक्ताची गाठ निघून पुन्हा रक्तस्राव सुरू होऊ शकतो आणि नसलेला मार्ग आपणच तयार करू शकतो. कडा हलक्या हाताने बाजूला करून दिसेल तेवढंच: त्वचेपुरती, स्नायूपर्यंत, हाडापर्यंत.

टाके घालून आलेल्या पेशंटच्या बाबतीत फार जण फसतात. टाक्यांच्या आत काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. "टाके घातलेली जखम, लांबी इतकी, टाके इतके" एवढंच तुमचं. प्रकार हवा असेल तर आधी उपचार केलेल्या ठिकाणचे कागद मागवायचे. तुमच्याच हॉस्पिटलमध्ये टाके पडणार असतील, तर वर्णन टाक्यांच्या आधी.

दुसरी पायरी: आता नाव द्या, पण पुराव्यासह

खरचटणं आणि मुका मार बहुतेकांना ओळखता येतात. गुण जातात ते फाटलेली आणि कापलेली जखम वेगळी करताना, आणि तेही डोकं, भुवई, गालाचं हाड, नडगी अशा जागी. तिथे त्वचेखाली लगेच हाड असतं. बोथट मार बसला की त्वचा दोन कठीण गोष्टींमध्ये चिरडून सरळ रेषेत फाटते आणि कापल्यासारखी दिसते. परीक्षक फोटो निवडताना याच जागा निवडतात.

भिंगातून बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. कडेलगत खरचटलेली किंवा काळीनिळी पट्टी आहे का? केस कापले गेलेत की मुळापाशी चिरडलेत? तळाशी नसा, रक्तवाहिन्या, तंतू यांचे पूल शिल्लक आहेत का? धार असेल तर हे पूल राहत नाहीत, तेही कापले जातात. जखमेत माती किंवा लाकडाची कुसं आहेत का? कापलेल्या जखमेची लांबी खोलीपेक्षा जास्त असते आणि एका टोकाला ती उथळ होत शेपटासारखी निघते. त्या शेपटावरून हत्यार कोणत्या दिशेने ओढलं गेलं ते कळतं. खोली लांबीपेक्षा जास्त असेल तर भोसकल्याच्या जखमेकडे वळा.

आता जखमेचं वय. मुक्या माराचे रंग पुस्तकात असे असतात: सुरुवातीला लाल, काही तासांनी निळा आणि साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत निळाच, चौथ्या दिवशी निळसर काळा ते तपकिरी, 5-6 दिवसांनी हिरवट, 7 ते 12 दिवसांत पिवळा, दोन आठवड्यांनी त्वचा पूर्ववत. लेखी परीक्षेत हे लिहा. तोंडी परीक्षेत मात्र "म्हणजे हिरवा दिसला की पाचवाच दिवस का?" असा प्रश्न आला तर हो म्हणू नका. रंगाचा वेग वयावर, जागेवर, रक्त किती खोल साचलंय यावर आणि त्वचेच्या रंगावर ठरतो. एकाच माराची कड पिवळी आणि मध्य निळा असं सर्रास दिसतं. त्यातल्या त्यात भरवशाची गोष्ट म्हणजे पिवळा रंग पहिल्या 18 तासांत दिसत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागातलं रक्त हा हमखास विचारला जाणारा अपवाद. तिथे हवेतला ऑक्सिजन मिळत राहतो, त्यामुळे ते लालच राहतं आणि विरताना पिवळं होतं. निळा-हिरवा प्रवास तिथे होत नाही.

खरचटल्याचं वय खपलीवरून: ताजं असताना लाल आणि ओलसर, 12 ते 24 तासांत लस वाळून लालसर खपली, 2-3 दिवसांनी लालसर तपकिरी, 4 ते 7 दिवसांत गडद तपकिरी, आणि आठवड्यानंतर कडेपासून सुटायला लागते.

एक केस पूर्ण लिहून बघू

समजा प्रश्न असा आलाय. 34 वर्षांचा पुरुष, रात्री 8 वाजता मारहाण झाल्याचं सांगतो, पोलीस शिपायासोबत रात्री 10:30 ला आलाय. डोक्यावर जखम, उजव्या फोअरआर्मवर दोन समांतर लाल रेघा, उजव्या गुडघ्यावर खरचटलेलं, डाव्या मांडीवर पिवळा डाग. उजवा हात हलवताना कळवळतो.

हातात पंधरा मिनिटं असतील तर पहिली तीन वरच्या भागाला द्या. एमएलसी नंबर, नाव, वय, लिंग, पत्ता, कोणी आणलं, शिपायाचा बक्कल नंबर, तपासणीची जागा, तारीख आणि वेळ तासा-मिनिटांसकट, लेखी संमती, दोन ओळखखुणा, सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा. ओळखखुणा म्हणून तीळ, जुना व्रण, जन्मखूण असं कायम राहणारं काहीतरी घ्या. एका विद्यार्थ्याने चष्मा लिहिला होता, हे मी विसरणार नाही.

हकिगत एका वाक्यात आणि पेशंटच्या तोंडची म्हणूनच: "सांगितल्याप्रमाणे रात्री 8 च्या सुमारास काठीने मारहाण." यातला 'सांगितल्याप्रमाणे' गाळला की मारहाण तुम्ही पाहिली असा अर्थ निघतो.

मग जखमा. उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं, पण मजकूर असा हवा:

> 1. फाटलेली जखम, 4 × 0.5 सेंमी × हाडापर्यंत खोल, डाव्या परायटल भागात, मध्यरेषेच्या डावीकडे 3 सेंमी आणि डाव्या कानाच्या वरच्या जोडाच्या वर 6 सेंमी, पुढून मागे जाणारी. कडा भिंगाखाली अनियमित व खरचटलेल्या, केसांची मुळं ठेचलेली, तळाशी तंतूंचे पूल. ताजं, मऊ रक्त गोठलेलं.
>
> 2. मुका मार, 7 × 2.5 सेंमी, लाल, दोन समांतर रेघांच्या स्वरूपात, मधली त्वचा फिकट, उजव्या फोअरआर्मच्या मागच्या-आतल्या कडेवर, कोपराच्या टोकाखाली 9 सेंमी, तिरका. सूज, दाबल्यावर तीव्र वेदना, हालचाल वेदनेमुळे मर्यादित. एक्स-रे सांगितला.
>
> 3. खरचटणं, 2 × 1.5 सेंमी, लाल, ओलसर, खपली नाही, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या पुढे.
>
> 4. मुका मार, 5 × 4 सेंमी, पिवळसर, सूज व वेदना नाही, डाव्या मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 14 सेंमी वर.

चौथी जखम लिहावी की नाही, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. लिहायचीच. ती आजच्या प्रसंगाची नाही हे मत झालं, आणि मत उजव्या रकान्यात जातं. अंगावर दिसलेली गोष्ट गाळलीत तर उलटतपासणीत "आणखी काय काय सोडलंत?" हा प्रश्न ठेवलेलाच असतो.

दुसऱ्या जखमेच्या दोन समांतर रेघांना ट्रॅमलाइन म्हणतात. दांडा जिथे दाबला जातो तिथलं रक्त दोन्ही बाजूंना सरकतं, कडांवर ताण येऊन तिथल्या बारीक वाहिन्या फुटतात, आणि मधली पट्टी फिकी राहते. त्या पट्टीची रुंदी हत्याराच्या रुंदीच्या जवळपास जाते. फोअरआर्मची ही कड आपण डोकं वाचवायला हात वर करतो तेव्हा पुढे येते, म्हणून इथे बचावाची जखम असण्याची शक्यता मतात लिहिता येते आणि अल्ना हाडाचा एक्स-रे मागणं भाग पडतं.

मत लिहिताना पाय कुठे घसरतो

हत्यार: "काठीने झालेली" असं नाही. "कठीण व बोथट वस्तूने होऊ शकते" एवढंच. पोलिसांनी काठी आणून दाखवली, तर तिचं वेगळं वर्णन करून "अशा वस्तूने या जखमा होऊ शकतात" लिहा. "याच काठीने" हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

वय: पहिल्या तीन जखमा ताज्या, 24 तासांच्या आतल्या. चौथी साधारण आठवडाभर जुनी, सांगितलेल्या वेळेशी न जुळणारी.

स्वरूप: साधी की गंभीर, म्हणजे सिंपल की ग्रीव्हस. इथे जुनी पुस्तकं घात करतात. आयपीसीचं कलम 320 आणि 20 दिवस हे पाठ असेल तर पुसा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, गंभीर दुखापत कलम 116 मध्ये आहे, आणि त्यातल्या आठव्या प्रकारातले 20 दिवस आता 15 झालेत. त्या तारखेआधी घडलेल्या घटनेला मात्र जुनाच कायदा, हेही विचारतात. आठही प्रकार पाठ हवेत: पुरुषत्व नष्ट होणं, एखाद्या डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एखाद्या कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं, अवयव किंवा सांध्याची शक्ती नष्ट किंवा कायमची कमी होणं, डोकं वा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, आणि जिवाला धोका निर्माण करणारी किंवा 15 दिवस तीव्र वेदना देणारी वा रोजचे व्यवहार करू न देणारी दुखापत.

या आठवीत दोन खाचखळगे आहेत. पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता म्हणून दुखापत गंभीर ठरत नाही. तेवढे दिवस तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीचे व्यवहार करता येत नव्हते हे नोंदीत दिसावं लागतं. आणि जिवाला धोका म्हणजे त्या जखमेने प्रत्यक्ष निर्माण केलेला धोका. "वार दोन सेंटिमीटर आत गेला असता तर" हे त्यात बसत नाही.

आपल्या केसमध्ये रात्री 10:30 ला दुसऱ्या जखमेचं स्वरूप कळत नाही. मग "मत राखून ठेवलं, एक्स-रे अहवालानंतर" असं लिहायचं. पहिलीचंही तसंच, कारण हाडापर्यंत गेलेल्या जखमेखाली कवटीला तडा असू शकतो. समजा नंतर अहवालात अल्नाला फ्रॅक्चर निघालं आणि कवटी शाबूत. तर दुसरी जखम गंभीर, सातव्या प्रकाराने; बाकी तिन्ही साध्या. प्रत्येक जखमेचं मत वेगळं, एकत्र मोळी बांधून "सर्व जखमा गंभीर" नाही. फ्रॅक्चरसाठी हाडाचे दोन तुकडेच व्हायला हवेत असंही नाही, तडा पुरतो.

पोस्टमॉर्टेम चेंजेस: आकड्यांच्या आधी प्रश्न

इथे विद्यार्थ्यांना आकडे येतात, पण ते एकमेकांशी भांडायला लागले की हात थांबतो. म्हणून आधी तीन प्रश्न लिहून टाका: हवा कशी होती, अंगावर कपडे-पांघरूण किती होतं, मृतदेह शीतकपाटात ठेवला होता का? शीतकपाटात ठेवलेल्या देहात सगळी घड्याळं मंदावतात.

आकडे मोजकेच ठेवा. लिव्हिडिटी 1 ते 3 तासांत ठिपक्यांनी दिसते, मग ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि 6 ते 8 तासांत ती पक्की होते. पक्की आहे का हे अंगठ्याने दाबून बघतात: दाबल्यावर जागा फिकी पडली तर अजून पक्की नाही. रायगर मॉर्टिस सगळ्या स्नायूंत एकदमच सुरू होतो, पण दिसतो आधी लहान स्नायूंत: पापण्या, जबडा, मान, मग हात, मग पाय. आपल्याकडच्या हवेत 1-2 तासांत सुरुवात, 12 तासांत पूर्ण, पुढचे 12 टिकतो, पुढच्या 12 मध्ये त्याच क्रमाने जातो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर उरकतं. पोटाच्या उजव्या खालच्या भागात हिरवट छटा उन्हाळ्यात 12 ते 18 तासांनी येते, कारण सीकम तिथे असतं आणि त्यातला मजकूर पातळ व जंतूंनी भरलेला असतो. शिरांचं हिरवट जाळं, म्हणजे मार्बलिंग, 36 ते 48 तासांत ठळक होतं.

आता हे वापरून बघू. उन्हाळा, बंद खोली, सकाळी 10 ला तपासणी, शीतकपाट नाही. पापण्या आणि जबडा सैल, हात-पाय ताठ. पाठीवर लिव्हिडिटी, दाबल्यावर फिकी पडत नाही. उजव्या खालच्या पोटावर पुसटशी हिरवट छटा, मार्बलिंग नाही. पक्की लिव्हिडिटी सांगते की 6-8 तासांहून जास्त. चेहऱ्याचा ताठरपणा उतरायला लागलाय म्हणजे तो पूर्ण होऊन बराच वेळ गेलाय. हिरवट छटा 12-18 तासांच्या पुढे नेते. मार्बलिंग नाही म्हणजे 36 च्या आत. मत: मृत्यू तपासणीच्या साधारण 18 ते 30 तास आधी. "काल सकाळी 8 वाजता" असं लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो. इतकं अचूक सांगणारी कोणतीच खूण त्या यादीत नाही.

एक शंका इथेच येते. जबडा सैल म्हणजे रायगर उतरतोय, की अजून आलाच नाही? पाय ताठ असतील तर उतरतोय. आणि दोन्ही पाय ताठ, डावा हात ताठ, पण उजवा कोपर एकटाच सैल असेल तर? बहुधा कोणीतरी कपडे काढताना तो जोर लावून वाकवलाय. पूर्ण आलेला ताठरपणा असा मोडला की परत येत नाही. अशा वेळी शिपायाला किंवा अटेंडंटला विचारून मिळालेलं उत्तर नोंदवून ठेवा.

लिव्हिडिटी आणि मुका मार वेगळे कसे करायचे हे हमखास येतं. छेद द्या. लिव्हिडिटीत रक्त वाहिन्यांच्या आत असतं, ते पाण्याने धुऊन जातं. मुक्या मारात ते ऊतींत शिरलेलं असतं, धुतलं तरी जात नाही. आणि पाठीवर झोपलेल्या देहाच्या छातीवर पक्की लिव्हिडिटी दिसली, तर देह काही तास पालथा होता आणि नंतर कोणीतरी उलटवला. रंगांपैकी चेरीसारखा लाल कार्बन मोनॉक्साइडचा, पण शीतकपाटातल्या देहावरही गुलाबी छटा येते, म्हणून वरचा तिसरा प्रश्न.

कागद हातावेगळा करताना

खाडाखोड झाली तर एकच आडवी रेघ मारा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी छोटी सही आणि तारीख. व्हाइटनर नाही. लघुरूपं टाळा; तुम्हाला समजणारं सीएलडब्ल्यू कोर्टातल्या वकिलाला समजेलच असं नाही. शेवटच्या ओळीनंतर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढा, म्हणजे नंतर कोणाला पाचवी जखम घुसवता येणार नाही. सही, पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ. परीक्षेत सहीच्या जागी स्वतःचं नाव लिहू नका, ओळख उघड होते. "वैद्यकीय अधिकाऱ्याची सही" असा शब्द लिहून सोडा.